मदत हवी आहे : दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी एकांकिकेचं वर्णन, तालमीत ऐकणारे गोंधळले

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी ग्रुपची ४० मिनिटांची एकांकिका आहे, आणि काही दृष्टिहीन प्रेक्षक येणार आहेत म्हणून हेडफोनवर लाइव्ह वर्णन करायचं ठरलंय. स्क्रिप्ट मी लिहिलीय, वाचणार पण मीच. परवाच्या तालमीला एक दृष्टिहीन काका ऐकायला बसले होते. बाकी सगळं त्यांना कळलं पण ट्रंकेच्या सीनला म्हणाले, "कागद कोणी घेतला तेच कळेना, आणि मग बसलं कोण?" सीन असा आहे की दिनू (धाकटा भाऊ) ट्रंकेतून कागद काढतो, आतून अण्णांचा खोकला ऐकू येतो, तो कागद खिशात घालतो, मग अण्णा येऊन खुर्चीत बसतात. मी लिहिलेलं :

"तो ट्रंकेजवळ जातो. त्यातून एक कागद काढतो. तो खिशात ठेवतो. तो येऊन खुर्चीत बसतो."

दोन संवादांच्या मधे जागा फक्त ६-७ सेकंदांची, त्यात अजून शब्द कुठे घालू?

नाट्यवेडा_सातारा : संवाद बदला ना सरळ. दिनूच्या तोंडी टाका, "अरे बापरे, अण्णा आले वाटतं!" मी श्रुतिका लिहायचो तेव्हा कोण आलं कोण गेलं हे असंच बोलण्यातून कळवायचो.

धागाकर्ती : दादा, एकांकिका दुसऱ्यांची आहे, संवादांना हात लावता येणार नाही. मला फक्त वर्णन बदलायचंय.

पडद्यामागची : मी तीनचार नाटकांचं वर्णन केलंय. तुझ्या चार वाक्यांत 'तो' तीनदा आलाय आणि तिन्ही वेगळे आहेत, दिनू, मग कागद (कागदही 'तो'च ना!), मग अण्णा. डोळ्यांनी बघणाऱ्याला हे जाणवतच नाही कारण समोर दिसतंय, म्हणून लिहिताना तुलाही जाणवलं नाही. आणि 'त्यातून' कशाला? ट्रंक ती, मग 'तिच्यातून'. ऐकणारा तिथे अडखळला की पुढचं वाक्य गेलंच. माझ्या हिशोबाने सेकंदाला दोन शब्द, म्हणजे तुला १२-१४ मिळतात. असं बघ :

"दिनू ट्रंकेतून कागद काढतो. खोकला ऐकताच खिशात लपवतो. अण्णा येतात, खुर्चीत बसतात."

बारा शब्द. अण्णा मोठे म्हणून 'येतात', दिनू 'काढतो', मराठी क्रियापदच निम्मं काम करतं, तू सगळ्यांना एकेरी करून ते घालवलंस. फक्त त्या सीनला वहिनी किंवा आणखी कोणी मोठं माणूस असेल तर 'येतात'वर विसंबू नकोस, नावच घे.

आता दुसरी गोष्ट. ट्रंक पहिल्यांदा कधी सांगितलीस?

धागाकर्ती : तिथेच. आधी उल्लेखच नाही 😟 पडदा उघडतो तेव्हा खुर्ची, देव्हारा, खिडकी एवढंच सांगितलंय.

पडद्यामागची : मग गोंधळ तिथूनच सुरू झालाय, काकांनी जिथे सांगितला तिथे नाही. नवी वस्तू, नवं नाव आणि नवी हालचाल सहा सेकंदांत एकदम आली की डोक्यात बसत नाही. सुरुवातीला म्युझिक चालू असतं तेव्हा सांग, "खुर्चीमागे पत्र्याची जुनी ट्रंक, कुलूप नाही." मग सीनमध्ये नुसतं 'ट्रंक' म्हटलं की पुरे.

सांगलीकर७१ : एकेक हालचाल कशाला सांगता, "दिनू घाबरून कागद चोरतो" म्हणा, अर्थ लगेच कळतो.

पडद्यामागची : 'घाबरून' चालेल का यावर आमच्यातच दोन मतं आहेत. पण 'चोरतो' नको, कागद त्याचाच असेल आणि ते शेवटी कळणार असेल तर तू नाटकच फोडलंस. बघणाऱ्यांना जेवढं दिसतं तेवढंच ऐकणाऱ्यांना.

धागाकर्ती : बरोबर, तो शेवटी त्याचाच निघतो!! थँक यू ताई. अजून एक, नट रोज वेगळ्या स्पीडने करतात, कधी ७ सेकंद मिळतात तर कधी ४.

पडद्यामागची : मग स्क्रिप्टमध्येच खुणा कर, कुठले शब्द गाळले तरी चालतील ते पेन्सिलीने अधोरेखित. इथे 'खुर्चीत बसतात' गाळ, अण्णांचा आवाज आला की ते आलेत हे कळतंच. 'खिशात लपवतो' मात्र गाळू नकोस. आणि दिग्दर्शकांना विचार, दिनूने झाकण जरा आवाज करत उघडलं तर? संवाद न बदलता खूण मिळते.

नवीन स्क्रिप्ट त्याच काकांना ऐकवू नकोस, त्यांना आता गोष्ट माहीत आहे, ते "कळलं" म्हणणारच. दुसऱ्या कोणाला तरी बसव, आणि "समजलं का" विचारू नकोस, "या सीनला काय झालं ते सांगा" म्हण. अण्णांनी कागद घेतला असं सांगितलं तर अजून काम बाकी आहे.

धागाकर्ती : काल केलं. काकांच्या ओळखीच्या एक ताई आल्या होत्या. दिनू, कागद, खिसा, अण्णा सगळं नीट सांगितलं. झाकणाचा आवाज मात्र त्यांना दार उघडल्यासारखा वाटला, म्हणून अण्णा एकदा आधीच येऊन गेले असं त्यांना वाटलं. आता आवाज काढून टाकू का 'ट्रंक उघडतो' असे दोन शब्द वाढवू? रविवारी शेवटची तालीम आहे.