प्रतिसाद: दोन्ही उत्तरं जुळली म्हणजे झालं?

> "तुकडा अर्धा करून दोन्ही उत्तरं जुळली की चूक मर्यादेत आलीच"

सिम्पसनच्या सूत्राने तुकडे अर्धे करत फलनाचं संकलन काढताना हे बहुतेक वेळा खरं, पण 'आलीच' म्हणू नका. पूर्ण तुकड्यावरच्या सिम्पसनचं उत्तर S1 आणि दोन अर्ध्यांची बेरीज S2 धरली, तर S2 मधली चूक साधारण (S2 − S1)/15 असते. हा 15 तेव्हाच खरा, जेव्हा फलन त्या तुकड्यात पुरेसं गुळगुळीत असतं आणि घेतलेल्या बिंदूंमध्ये त्याचा आकार दिसतो. sin²(πx) चं 0 ते 4 संकलन करून बघा. पहिल्या फेरीचे पाच बिंदू 0, 1, 2, 3, 4 आणि पाचही ठिकाणी किंमत शून्य. S1 शून्य, S2 शून्य, फरक शून्य; प्रोग्राम खुशाल 0 देऊन मोकळा होतो. खरं उत्तर 2 आहे! सहनमर्यादा कितीही कडक केली तरी फरक पडत नाही, कारण तपासणीला काही दिसतच नाही.

मी स्वतः एका अरुंद शिखराच्या बाबतीत असाच फसलो होतो. तेव्हापासून उत्तराबरोबर फलन किती वेळा काढलं तेही छापतो. आकडा 5 आला की संशय घ्यायचा. वरच्या उदाहरणात पहिली विभागणी सक्तीची केली तरी पुरतं, कारण 0 ते 2 मध्ये 0.5 हा बिंदू येतो आणि S2 लगेच 4/3 होतो. पण 0 ते 8 घेतलंत तर तीही सक्ती अपुरी पडते. म्हणून मी सुरुवातीचा काप मुद्दाम 1.3 सारख्या आडनिड्या जागी घेतो, आणि शिखर कुठे आहे ते ठाऊक असेल तर थेट तिथेच.