'मी धाडकन जेवलो' यात चूक नेमकी काय? (पटकन, धाडकन वगैरे)

पाटीपेन्सिल
मंडळी एक अडचण आहे. मी ऑफिसातल्या दोन-तीन अमराठी लोकांना लंचटाइममध्ये मराठी शिकवते, हौस म्हणून. त्यातला एक हुबळीचा आहे, हुशार आहे, त्याने 'पटकन', 'चटकन', 'झटकन' हे शब्द उचलले आणि स्वतःच नियम काढला की '-कन' लागलं की काम लवकर झालं. मग काल मेसेज आला, "मॅडम आज मीटिंग होती म्हणून मी धाडकन जेवलो." मी हसले, पण चूक काय ते सांगता येईना. धाडकन म्हणजे आवाज करून म्हणावं तर 'शेअर बाजार धाडकन कोसळला' यात कसला आलाय आवाज? पटकन आणि धाडकन एकाच जातीचे शब्द आहेत की नाहीत?

स्पर्धक
सोपं आहे ताई. अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार, पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. तिसऱ्यात ध्वनीची नक्कल असते, उदा. किरकिर, गडगड, रिमझिम. धाडकन अनुकरणवाचक आणि पटकन रीतिवाचक क्रियाविशेषण. परीक्षेला एवढंच विचारतात.

तिरफळ
परीक्षेला ठीक आहे हो, पण 'लुकलुक' कसला आवाज आहे? चांदण्या कधी वाजल्यात का? आणि 'मटकन खाली बसला' मधे मट असं काय वाजतं? उलट मटकन बसणारा माणूस अजिबात आवाज न करता बसतो, पाय गेल्यासारखा. आणि धाडकन पण क्रियाविशेषणच आहे की. तुमचे दोन खाने एकमेकांना कापत नाहीत, एकावर एक बसतात.

बोरूबहाद्दर
तिरफळ यांचा मुद्दा बरोबर आहे. आवाजाची नक्कल हा या शब्दांचा एक कोपरा झाला, बाकी नक्कल हालचालीची, उजेडाची, स्पर्शाची, दुखण्याची पण असते. लुकलुक, गुळगुळीत, ठसठसणं, हुळहुळणं, यात कानाला काहीच ऐकू येत नाही पण शब्दाची बांधणी तीच. म्हणून मी तरी यांना अर्थावरून नाही, बांधणीवरून ओळखतो.

बांधणी अशी की आधी एक छोटा तुकडा असतो, एकटा वाक्यात फारसा न येणारा, जसं टप, फड, खळ. तो दोनदा म्हटला की क्रिया चालू राहते, पाणी टपटप गळतंय. '-कन' लावलं की एकदाच झाली आणि संपली, आंबा टपकन पडला. मध्ये 'आ' घातला की जोर आणि घाई येते, टपाटप आंबे पडायला लागले. नळाची तक्रार करताना 'नळ टपकन गळतोय' असं कोणी म्हणणार नाही, कारण गळणं चालू आहे. साध्या शब्दाला हे जमत नाही, 'दगड' या शब्दाला कितीही वाकवलं तरी एकदाचा दगड आणि चालू राहिलेला दगड असे दोन निघणार नाहीत.

आता हुबळीकर. त्यांचा नियम अर्धा बरोबर आहे. '-कन' मध्ये लवकर नाही, 'एका झटक्यात' आहे. जेवण एका झटक्यात होत नाही, त्याला वीस मिनिटं लागतात, म्हणून धाडकन बसत नाही.

पाटीपेन्सिल
पण मग 'पटकन जेवलो' कसं चालतं? ते पण वीस मिनिटांचंच जेवण आहे ना.

बोरूबहाद्दर
तीच तर गंमत आहे, पटकन आता त्या जातीतून बाहेर पडलाय. मूळ पट् असा आवाज, काहीतरी तुटल्याचा किंवा आपटल्याचा, पण आज 'पटकन वाच', 'पटकन विसरला', 'पटकन मोठी झाली पोरगी' म्हणताना कोणाच्या कानात पट् वाजत नाही. तो कुठल्याही क्रियापदाला चालतो. धाडकन मात्र स्वतःची क्रियापदं निवडतो, पडणं, आदळणं, कोसळणं, दार लागणं. शेअर बाजारात आवाज नसेल, 'कोसळणं' आहे म्हणून तिथे धाडकन शोभतं.

दुसरी खूण म्हणजे कमीजास्त करून बघायचं. "जरा अजून पटकन आवर" आपण रोज सकाळी घरात ऐकतो. "जरा अजून धाडकन पड" म्हणून बघा. नक्कल कमीजास्त होत नाही, ती होते किंवा होत नाही.

तिरफळ
मग अजून एक खूण माझ्याकडून. नकार. 'मला पटकन समजत नाही' चालतं, 'तो धाडकन पडला नाही' हे विचित्र वाटतं. पडलाच नाही तर धाडकन आलं कुठून?

वारणाकाठ
थांबा थांबा. आमची आई दिवसातून दहा वेळा ओरडते, "दार धाडकन लावू नकोस!" हा नकारच आहे की. म्हणजे ती खूण बाद. बाकी आमच्याकडं कन पेक्षा 'दिशी' जास्त, दार धाडदिशी लावलं, भस्सदिशी जाळ झाला. शाळेत मास्तर खोडायचे ते, 'कन' लिहायला लावायचे, दिशी म्हणजे गावंढळ म्हणून.

बोरूबहाद्दर
गावंढळ कसलं, मोल्सवर्थच्या कोशात बघा, १८३१ची पहिली आवृत्ती आणि १८५७ची वाढवलेली दुसरी. असे शब्द देताना तो कन, कर, दिनी, दिशी असे शेपूट शेजारी शेजारी मांडतो, पटकन, पटकर, पटदिनी, पटदिशी. कन शहरात टिकलं म्हणून प्रमाण झालं, एवढंच.

नकाराचं मात्र तुमचं मान्य करावं लागेल. तरी एक फरक आहे, आई दार लावायला नको म्हणत नाहीये, फक्त धाडकन नको म्हणतेय. 'दार धाडकन लागलं नाही' असं घडलेलं सांगताना कोणी म्हणेल का? मला तरी अवघड वाटतं, पण हे नियम म्हणून नाही सांगणार.

तिरफळ
चोरी करून आलेला म्हणेल. "नशीब दार धाडकन लागलं नाही, नाहीतर सगळे जागे झाले असते."

बोरूबहाद्दर
😄 हे वाक्य चालतंय खरं. बाद म्हणा.

फटफटी
इथे शब्दतज्ज्ञ दिसतायत म्हणून विचारतो, माझ्या गाडीचा कोल्ड स्टार्टला आवाज येतो. मेकॅनिकला फोनवर 'खडखड' सांगितलं तर तो म्हणाला चेन ढिली असेल घेऊन या, नेल्यावर ऐकून म्हणतो "ही खडखड नाही साहेब, ही टिकटिक आहे, टॅपेट सेट करायला लागेल." मला दोन्ही सारखंच ऐकू येत होतं. याला काही नियम आहे का की त्याच्या मनाला येईल ते?

पाटीपेन्सिल
अहो गाडीचा धागा नाहीये हा 🙂

बोरूबहाद्दर
असू द्या, कामाचं उदाहरण आहे. मेकॅनिक मनचं बोलत नाहीये. टिकटिक म्हणजे बारीक, कोरडा, एकसारख्या अंतराने येणारा आवाज, खडखड म्हणजे मोठ्या सैल वस्तू एकमेकांवर आदळतायत. 'इ' चा स्वर आपल्याला बारीक वाटतो, 'अ' मोकळा आणि मोठा, 'उ' लहान किंवा कोंडलेला. एकाच सांगाड्यात स्वर बदलून बघा. खळखळ म्हणजे ओढ्याचं पाणी, उघड्यावरचं, भरपूर. खुळखुळ म्हणजे खिशातली चिल्लर किंवा नारळातलं पाणी, कशाच्या तरी आत कोंडलेलं. नारळ घेताना आपण कानाशी हलवतो ना, तेव्हा जे होतं ते खुळखुळ, त्याला खळखळ म्हटलं तर नारळवाला पण हसेल. आणि तिसरी खिळखिळी खुर्ची, तिथे आवाज जवळजवळ गेला, उरला तो नुसता सांध्यातला बारीक ढिलेपणा.

स्पर्धक
खिळखिळी हे खिळ्यावरून आलंय सर. खिळे सैल झाले की खिळखिळी. अनुकरणवाचक नाही ते.

तिरफळ
मग म्हाताऱ्याचे दात खिळखिळे होतात त्यात खिळे कोणी मारले होते?

स्पर्धक
लाक्षणिक अर्थ असू शकतो.

बोरूबहाद्दर
असूही शकतो. एखादा शब्द दोन्हीकडून ओढला जातो, खिळा आणि खळखळची बहीण दोन्ही एकदम मनात असतात. ठामपणे एक बाजू नाही घेणार मी.

वारणाकाठ
तुमचं ते 'उ' लहान हे पण पूर्ण पटलं नाही. वाघ गुरगुरतो. लहान आहे का तो?

बोरूबहाद्दर
म्हणून तर 'किंवा कोंडलेला' म्हटलं. गुरगुर घशात कोंडलेली असते, तोंड उघडलं की डरकाळी. पण धुडुम सारखे शब्द यात बसत नाहीत, ते खरंच मोठे आहेत. हा कल आहे, कायदा नाही.

फटफटी
म्हणजे टॅपेटच. ओके. माझ्या आयडीवरून आठवलं, फटफटी पण आवाजावरूनच ना? आजोबा सगळ्या मोटरसायकलींना फटफटीच म्हणायचे, अगदी आवाज न करणाऱ्या असल्या तरी.

बोरूबहाद्दर
हो, आणि नकळत तुम्ही सगळ्यात चांगली खूण दिलीत. 'दोन फटफट्या' म्हणता येतं. आता इंजिनाची ती नुसती 'फटफट' घ्या, तिचं अनेकवचन करा. होत नाही. खटखट, धडधड, चिवचिव, सगळ्या स्त्रीलिंगी आणि एकवचनात अडकलेल्या. पण 'कटकट'चं होतं, "सगळ्या कटकटी मिटल्या एकदाच्या." कुरबुरी चालतात, खटपटी करतात. म्हणजे कटकट आवाजातून उठून 'त्रास' नावाची वस्तू झाली, ती मोजता येते. अनेकवचन झालं की समजावं, शब्द नोकरीला लागला.

आणि तरी हे शब्द घरचेच आहेत बरं का, वेगळी बांधणी असली तरी मराठीचे उच्चाराचे नियम पाळतात. लुसलुस पासून लुसलुशीत, खुसखुस पासून खुसखुशीत, ई आली की स चा श. म्हैस-म्हशी सारखंच.

पाटीपेन्सिल
हे सगळं त्या हुबळीवाल्याला ऐकवलं. तो म्हणतो कानडीत ते 'टक् अंत' म्हणतात, अंत म्हणजे 'म्हणून', टक् म्हणून उठला, पट् म्हणून फुटलं. त्याला वाटलं आपलं '-कन' तसंच कशावरून तरी आलं असणार.

बोरूबहाद्दर
शंका रास्त आहे. भारतातल्या आर्य आणि द्राविडी दोन्ही घरांत या शब्दांची ठेवण सारखी आहे, एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा यावर १९६९चा मोठा लेख आहे. पाणिनीने पण यांना वेगळं सूत्र दिलंय, 'अव्यक्तानुकरण' म्हणतो तो, उदाहरण आहे 'पटपटाकरोति'. तिथेही शब्द दुप्पट होतो आणि मागे 'करणं' येतं. मोल्सवर्थमधलं ते 'कर' शेपूट बघून मला वाटतं आपलं कन पण 'करून'च्या कुळातलं असावं, पण हा माझा अंदाज.

स्पर्धक
म्हणजे पटपटा हा तत्सम शब्द झाला!

तिरफळ
दोन हजार वर्षांपूर्वी पट् वाजलं आणि आजही पट् वाजतं, याला तत्सम म्हणायचं तर कावळ्याची कावकाव पण तत्सम. 😄

वारणाकाठ
ते असू द्या, मला एक सांगा. 'हळूकन' म्हणतात ना? मांजर हळूकन आलं. हळू काय वाजत नाही, नक्कल पण नाही, आणि झटका तर अजिबातच नाही. तिथं कन कसं काय चिकटलं?

बोरूबहाद्दर
चांगला पकडलात. 'हळूच' आणि 'हळूकन' मध्ये मला थोडा फरक जाणवतो, हळूकनमध्ये एकच छोटी हालचाल आहे, दबकत येऊन पटकन झालेली. पण साध्या शब्दाला कन लागलेला दुसरा कुठला आठवतोय का कोणाला?

पाटीपेन्सिल
त्याला हे सांगूच नका, उद्या 'सावकाशकन येतो' म्हणेल.

फटफटी
आमच्याकडे धाकटी 'गपकन बस' म्हणते. गप्प बस या अर्थाने. ते चालेल का?

तिरफळ
गपकन तर गिळतात!