काळ्या कपड्यांवरचे पांढरे पट्टे आणि जास्तीचं पाणी

नेहा (बी-402): नमस्कार. गेले पंधरा दिवस मशीनमधून काढलेल्या काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे येताहेत. माझा काळा कुर्ता आणि ह्यांच्या नेव्ही ब्लू पँटी तर बघवत नाहीत. रोज दोनदा एक्स्ट्रा रिन्स लावते, तरी फरक नाही. आणखी कोणाकडे असं होतंय का?

शर्वरी (ए-101): आमच्याकडे पण! मला वाटलं मशीन बिघडलं.

देशमुख काका (सी-203): पावडर कमी टाका आणि एक पाणी जास्त घ्या, जाईल.

वैशाली काकू (बी-104): नेहा, आधी मला सांग, ते पट्टे कसे आहेत? एका जागी ओरखड्यासारखे, की सगळ्या कापडावर राख उडाल्यासारखं पांढुरकं? फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून हाताने बघ. बोट ओलं करून पट्ट्यावर चोळ आणि काय होतं ते कळव.

नेहा (बी-402): केलं काकू. कुर्त्यावरचा पट्टा बुळबुळीत झाला, थोडा फेसही आला आणि गेला. पँटीवर मात्र काहीच नाही. ओली असताना दिसेनासं होतं, वाळली की परत तसंच.

वैशाली काकू (बी-104): म्हणजे तुझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात. त्या एकच समजून उपाय केला, म्हणून गुण येत नाही.

कुर्त्यावर आहे ती न विरघळलेली पावडर. घडीत नाहीतर शिवणीत गोळा अडकला, तो शेवटपर्यंत सुटला नाही, आणि ड्रम जोरात फिरला तेव्हा ओघळ उठला. थंड पाणी, अर्ध्या तासाचं क्विक वॉश आणि गच्च भरलेला ड्रम, हे तिन्ही जमले की असं हमखास होतं. कपडे भरल्यावर वरून आपला पंजा सहज आत गेला पाहिजे. कुर्ता उलटा करून, पावडर न घालता, 40 डिग्रीवर एकदा फिरव. नुसतं रिन्स थंड पाण्याचं आणि थोड्याच मिनिटांचं असतं, तेवढ्यात घट्ट बसलेला गोळा सुटेलच असं नाही.

नेहा (बी-402): आणि पँटी?

वैशाली काकू (बी-104): वाटीत एक चमचा पांढरं व्हिनेगर आणि तीन चमचे पाणी घे. पँटीच्या आतल्या बाजूला, पायाच्या दुमडीवर दोन थेंब टाक. पाच मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन वाळू दे. तेवढीच जागा काळीभोर झाली, तर ते पाण्यातले क्षार आहेत.

देशमुख काका (सी-203): वैशालीताई, पावडरीचा आणि क्षारांचा संबंध काय? पाणी तर गाळूनच येतं.

वैशाली काकू (बी-104): काका, गाळल्याने माती जाते, विरघळलेला क्षार जात नाही. नळाला खडकवासल्याचं पाणी येतं ते मऊ असतं. उन्हाळ्यात आपण टँकरवर येतो. ते पाणी बरेचदा बोअरचं, म्हणजे जड. कपडे धुवायच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या सोड्याशी मिळालं की अगदी बारीक खडू तयार होतो, आणि तो कापडाच्या धाग्यात जाऊन बसतो. पांढऱ्या कपड्यावरही बसतो, फक्त दिसत नाही. टॉवेल पापडासारखे कडक होतात ते बहुतेक ह्यानेच.

आता हा खडू पाण्यात विरघळत नाही. म्हणून नेहाने दोन काय, पाच वेळा रिन्स केलं असतं तरी पँटी तशाच राहिल्या असत्या. शिवाय टँकरचं पाणी आपण विकत घेतोय. मी आउटलेटचा पाइप बादलीत सोडून मोजलंय. माझ्या फ्रंट लोडला एका रिन्सला जवळपास एक बादली लागते, जाऊबाईंच्या टॉप लोडला तीन. म्हणून सरसकट एक्स्ट्रा रिन्सचं बटण दाबून ठेवणं मला पटत नाही.

शर्वरी (ए-101): मग ते बटण कधी लावायचं काकू? माझ्याकडे पाच महिन्यांचं बाळ आहे, मी रोजच लावते.

वैशाली काकू (बी-104): बाळाच्या कपड्यांना लावच, त्यात काटकसर नको. घरात कोणाला कपड्यांनी खाज येत असेल तरीही लाव. बाकीच्यांना फेस बघून. मशीन थांबलं की सगळ्यात जाड कपडा, म्हणजे जीन्स किंवा टॉवेल, अर्धी बादली स्वच्छ पाण्यात घालून पाच-सहा वेळा दाबायचा. मिनिटभराने पाण्यावर फेस टिकून असेल, किंवा पाणी बोटांना निसरडं लागलं, तर साबण शिल्लक आहे. तिथे एक रिन्स हवंच. पाणी नितळ असेल आणि तरी वाळल्यावर पांढरं दिसलं, तर रिन्सने जाणारं ते नाही.

आणि फ्रंट लोडमध्ये शेवटच्या रिन्सला काचेवर फेस दिसत असेल, तर बहुधा पावडर जास्त पडतेय किंवा टॉप लोडची पावडर वापरली जातेय. ती जास्त फेसते आणि फ्रंट लोड घेतं कमी पाणी. तो फेस खळबळून निघायला त्या मशीनमध्ये पाणीच नसतं. तिथे आज रिन्स लावा, पण उद्यापासून पावडर बदला.

नेहा (बी-402): काकू, दुमडीवर थेंब टाकले होते ती जागा वाळली. एकदम काळी झाली! आजूबाजूला पांढुरकंच आहे.

वैशाली काकू (बी-104): मग क्षारच. अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाल, पँटी वीस मिनिटं बुडव, हाताने खळबळ आणि साध्या पाण्यातून काढ. फार जुना थर असेल तर दुसऱ्यांदा करावं लागतं. एक मात्र कटाक्षाने पाळ, त्या बादलीत ब्लीच अजिबात जाता कामा नये, विषारी वायू होतो. आणि हे रोज मशीनमध्ये ओतू नकोस, आतल्या रबराला चांगलं नाही.

टँकर सुरू असेपर्यंत गडद कपड्यांना लिक्विड वापर. बहुतेक लिक्विडमध्ये सोडा नसतो, न विरघळणारे कणही नसतात. डाग काढण्यात ते पावडरीइतकं नसतं, म्हणून मळक्या चादरींना आणि पांढऱ्या कपड्यांना माझ्याकडे अजून पावडरच.

देशमुख काका (सी-203): म्हणजे माझा कमी पावडरीचा सल्ला चुकीचा होता का?

वैशाली काकू (बी-104): फेस उरत असेल तर बरोबर आहे काका. पण जड पाण्यात फार कमी टाकली तर मळ सुटत नाही आणि तोच परत कपड्यावर बसतो. पाकिटामागे जड पाण्याचं माप वेगळं दिलेलं असतं, टँकरच्या दिवसांत ते धरा.

शर्वरी (ए-101): काकू, मी आत्ता ड्रॉवर उघडून बघितला. फुलाचं चित्र असलेल्या खणात पावडरीचा ओला गोळा आहे. मावशी तिथेच टाकत होत्या बहुतेक.

वैशाली काकू (बी-104): अगं, तो कंडिशनरचा खण. त्यातलं सगळं शेवटच्या पाण्याला आत जातं, म्हणजे कपडे धुऊन झाल्यावर पावडर! पावडरीचा खण दोन उभ्या रेघांचा, II असा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून गरम पाण्यात जुन्या टूथब्रशने घास, आणि मावशींना दिसेल असा त्या खणावर स्केचपेनने ठिपका करून ठेव.

नेहा (बी-402): कुर्ता स्वच्छ निघाला. पँटी आत्ताच बुडवल्यात, संध्याकाळी वाळल्या की फोटो टाकते.