परतावा मागच्या महिन्याचा, कपात आत्ता

"अ‍ॅमेझॉनवर ४० डॉलरचे १० नग विकले, कमिशन १५ टक्के. म्हणजे ३४० यायला हवेत ना? आले २०२.८०!"

विक्रीचा आकडा सोडा, आधी परताव्याची ओळ शोधा. परतावा मूळ ऑर्डरच्या नव्हे, पैसे परत केल्याच्या तारखेला लागतो, त्यामुळे मागच्या महिन्यातला नगही या महिन्याच्या हिशेबाच्या पत्रकात वजा होतो. ऑर्डर क्रमांक जुळवला की कळतं.

तिथे ४० वजा, ६ कमिशन परत. पण सगळं कमिशन परत मिळत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनवर त्यातले २० टक्के किंवा ५ डॉलर, जे कमी असेल ते, Refund administration fee म्हणून कापतात. इथे १.२०. म्हणजे एका परताव्याला ३५.२० गेले; उरले ३०४.८०. (टपालखर्च गेला तो वेगळाच.)

बाकीचे १०२ बहुतेक बुडालेले नाहीत, अडकलेत. ३४ गुणिले ३ बरोबर १०२, म्हणजे तीन ऑर्डरी. माल पोहोचल्यावर सात दिवस रक्कम रोखायची पद्धत असेल, तर पत्रक बंद होण्याच्या आदल्या आठवड्यात पोचलेल्या ऑर्डरी तपासा. तीनच निघाल्या, तर ते पैसे पुढच्या पत्रकात दिसतील.