टीबीच्या गोळ्या आणि वाढलेली साखर

"बाबांना टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आटोक्यातली साखर एकदम वाढली. गोळ्या थांबवू का?"

अजिबात थांबवू नका. टीबीच्या संसर्गानेच साखर चढते, आणि चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावून जंतू रेंगाळतात. त्यात टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे यकृत ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी लवकर निकामी करतं. माझ्या आईचंही असंच झालं. डॉक्टरांनी टीबीचे डोस तसेच ठेवून इन्सुलिन जोडलं. बाबांच्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या नक्की दाखवा.

कोर्स संपतानाही सावध राहा. रिफाम्पिसिनचा असर दोनेक आठवड्यांत ओसरतो, आणि मधुमेहाचा वाढवलेला डोस तसाच राहिला तर साखर फार खाली जाते. आईला पहाटे दरदरून घाम फुटला, हात थरथरत होते. मोजली तर ५८. लगेच साखरपाणी दिलं आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी डोस कमी केला.