एकट्या चित्रकाराची ओळख: नाव, शैली आणि नेमके काय कायम राखावे?

चैत्रपालवी: मी एकटीच काम करते. बालपुस्तकांसाठी जलरंगात आणि मासिकांतील लेखांसाठी संगणकावर सपाट रंगांत चित्रे काढते. स्टुडिओचे नाव घ्यावे की स्वतःचे? पोर्टफोलिओत एकच शैली ठेवावी का?

शाईपेन: एकच शैली ठेवावी, बाकीचे काढून टाकावे. काम देणारा माणूस पोर्टफोलिओ पाहताना आपल्या हाती काय पडणार याचा अंदाज बांधत असतो आणि दोन तऱ्हा दिसल्या की तो गोंधळतो. पाच रंग ठरवून सारी चित्रे त्यांतच करावीत.

मुखपृष्ठ: अंदाजाचा मुद्दा खरा आहे, रंगांचे बंधन मात्र मला पटत नाही. मी प्रकाशनगृहात चित्रकार निवडते. दुष्काळावरचा लेख आणि झोपेची बालकथा एकाच रंगसंगतीत कोंबली, तर दोहोंपैकी एक चित्र हमखास बिघडते. कायम राहावेत ते रेखाटनातले निर्णय: डोके आणि धड यांचे प्रमाण, रेषा कुठे जाड होते, सावली रंगाने येते की रेषांनी, किती जागा मोकळी सुटते. हे निर्णय सारखे असतील, तर साधन बदलले तरी हात ओळखू येतो. आपली सारी चित्रे अंगठ्याएवढी लहान करून इतरांच्या चित्रांत मिसळावीत आणि आपले काम न पाहिलेल्या व्यक्तीला, एकाच हाताची वाटतील ती वेगळी काढायला सांगावे. तिने दोन ढीग केले, तर संकेतस्थळावर दोन स्वतंत्र दालने करावीत. नाव एकच ठेवावे.

शिवाय बालपुस्तकासाठी सुटी देखणी चित्रे पुरत नाहीत. 32 पानांच्या पुस्तकात तिसऱ्या पानावरची मुलगी सत्ताविसाव्या पानावर पाठमोरी असली, तरी तीच वाटायला हवी. म्हणून एकाच पात्राची निरनिराळ्या प्रसंगांतली चार-पाच चित्रे मी आधी शोधते आणि बहुतेक पोर्टफोलिओंत नेमकी तीच नसतात.

रंगपेटी: मी सुंदर बोधचिन्ह करून घेतले आणि स्टुडिओचे नावही घेतले. पुढे प्रत्येक ग्राहक विचारू लागला, “तुमच्याकडे चित्र नक्की कोण काढणार?” एका पुस्तकाच्या श्रेयनामावलीत तर माझ्याऐवजी स्टुडिओचेच नाव छापले गेले. याचे मला आजही वाईट वाटते.

शाईपेन: तरीही पुढे सहकारी घ्यायचे असतील, तर स्टुडिओचे नावच सोयीचे ठरते.

मुखपृष्ठ: तसा बेत पक्का असेल तर ठरते. एकट्या व्यक्तीने मात्र स्वतःचे नाव घ्यावे आणि ते चित्रावरची सही, करारातले श्रेय, ई-मेल, संकेतस्थळ या सर्व ठिकाणी एकाच रूपात लिहावे. कुठे आडनाव, कुठे नुसते आद्याक्षर असे झाले, तर छापलेले चित्र आवडलेल्या संपादकाला त्या नावावरून तुमच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

चैत्रपालवी: दोन दालनांचे पटले. पण मासिकांतली माझी काही चित्रे फार उग्र असतात आणि लहान मुलांचे पालक तेच नाव शोधतील. त्या कामासाठी टोपणनाव घ्यावे का?

मुखपृष्ठ: काही चित्रकार घेतात. मग दोन्ही नावांची ओळख शून्यापासून उभी करावी लागते आणि एकट्या माणसाला हे किती झेपेल, याविषयी मला शंका आहे.

रंगपेटी: मी असते तर टोपणनाव घेतले असते.