मदत हवी आहे: तिसऱ्या सिंकमधल्या सॅनिटायझरची पट्टी दर वेळी कमी का दाखवते?

पोळीवाली: नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत भाड्याच्या कमर्शियल किचनमध्ये डब्यांचा छोटा व्यवसाय आहे. तीन कप्प्यांचं सिंक आहे: पहिल्यात साबणाचं गरम पाणी, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात क्वाट सॅनिटायझर. 12 गॅलन पाण्यात 3 औंस क्वाट घालतो, कारण लेबलवर 4 गॅलनला 1 औंस म्हणजे 200 पीपीएम असं लिहिलंय. पाणी भरल्याबरोबर पट्टी 200 च्या जवळ येते. पण पातेली, परातींची एक फेरी झाली की रंग फिका पडतो, 100 च्याही खाली. इन्स्पेक्टर येऊन पट्टी बुडवेल या धास्तीने मी सारखं क्वाट ओतत राहते. पट्ट्या खराब आहेत की पाणी?

कोथरूडची: मी भाजी मिठाच्या पाण्यात धुते, पट्टीबिट्टी लागत नाही.

पोळीवाली: ताई, भाजी नाही, भांडी धुण्याबद्दल विचारतेय.

शेफ_विन्या: क्वाटचा नाद सोडा. ब्लीच घ्या, गॅलनला एक टेबलस्पून, स्वस्त आणि खात्रीचं. आणि तिसरा कप्पाही कडक गरम ठेवा, जंतू लवकर मरतात.

सुधीर_म: विन्या, स्वस्ताचं खरं आहे, माप मात्र चुकतंय. 6 टक्क्यांच्या ब्लीचचा एक टेबलस्पून गॅलनला टाकला तर 200 पीपीएमच्या वर जातं. भांड्यांना 50 ते 100 पुरतं, म्हणजे साधारण एक टीस्पून. सुगंधी ब्लीच तर नकोच. पाणी कडक गरम केलं तर क्लोरीन उडून जातं, वासावरूनच कळेल.

पोळीवाली ताई, तुमच्या वर्णनावरून मला साबणाचा संशय येतो. भांडी घासायच्या साबणाचा आणि क्वाटचा विद्युतभार उलटा असतो. दोघं एकमेकांना धरतात आणि क्वाट निकामी होतं. दुसऱ्या कप्प्यात साठवलेलं पाणी असेल तर काही पातेल्यांनंतर तेच साबणाचं होतं आणि प्रत्येक भांडं थोडा साबण तिसऱ्यात नेतं. तिसऱ्या पाण्यावर फेस दिसतो का ते पाहा. दिसला तर क्वाट ओतत बसू नका, पाणी बदला.

पट्टीचंही एक पथ्य आहे. क्वाटच्या पट्ट्या बहुधा 65 ते 75 अंश फॅरनहाइट पाण्यासाठी बनवलेल्या असतात. डबीवर लिहिलेले सेकंद पट्टी पाण्यात स्थिर धरा, न हलवता, फेसाच्या बाहेर. क्लोरीनची पट्टी बुडवून लगेच काढतात, त्या सवयीने क्वाटची काढली तर आकडा कमी दिसतो. आणि क्वाटसाठी क्लोरीनची पट्टी चालत नाही.

पोळीवाली: फेस आहे! दुसरा कप्पा आम्ही भरूनच ठेवतो, पाणी वाचावं म्हणून.

सुधीर_म: मग तो रिकामा ठेवून नळाच्या धारेखाली विसळा, किंवा पाणी वरचेवर बदला. त्याआधी पहिल्या कप्प्यात उष्टं जाऊ नये म्हणून भांडी खरवडून घ्या. विसळल्यावर पाणी निथळू द्या, मग तिसऱ्यात. तिथे भांडं पूर्ण बुडालं पाहिजे, लेबलवर दिलेला वेळ, बहुतेक क्वाटला एक मिनिट. नंतर रॅकवर हवेत वाळू द्या, फडक्याने पुसू नका. सुती फडकी तिसऱ्या कप्प्यात भिजवत असाल तर तेही थांबवा, सुती कापड क्वाट शोषून घेतं.

खानावळ: पुण्यात आमचं क्लाउड किचन आहे. आमच्याकडे दोनच सिंक आहेत. पातेलं तिसऱ्या टपात बुडवलं तर चालेल का? आम्ही हायपोक्लोराइट वापरतो.

सुधीर_म: टप चालेल, भांडं पूर्ण बुडत असेल तर. प्रत्येक टपाचं पाणी वेगळं हवं. हायपोक्लोराइटला क्लोरीनची पट्टी घ्या. ती एकदम पांढरी पडली तर घाबरू नका, पण तपासा: क्लोरीन फारच जास्त झालं तरी पट्टीचा रंग ब्लीच होऊन जातो आणि कमी असल्यासारखं वाटतं. थोडं पाणी घालून नवी पट्टी बुडवा.

शेफ_विन्या: टेबलस्पूनचं मान्य. पण क्वाट जास्त झालं तर काय बिघडतं? कमी पडण्यापेक्षा बरं.

सुधीर_म: लेबलवरच्या मर्यादेपर्यंतच ते न विसळता चालतं. अनेक क्वाटना 400 ही वरची हद्द असते. पुढे गेलं की भांड्यावर राहिलेलं अन्नात उतरतं.

पोळीवाली: अपडेट. दुसरा कप्पा धारेवर केला, फेस गेला आणि मोठी फेरी होऊनही पट्टी 200 च्या आसपास राहिली. पण सकाळचं पहिलं भरलेलं पाणी, एकही भांडं घालायच्या आधी, संध्याकाळपेक्षा फिकं येतं. औंस तोच, पट्ट्याही त्याच डबीच्या.

सुधीर_म: 12 गॅलनची खूण कशी केली? बादलीने मोजलं की अंदाजाने? 15 गॅलन भरलं तर तेच 3 औंस 160 च्या आसपास येतात. सकाळी पाणी भरणारं माणूस वेगळं आहे का? आणि सकाळचं पाणी किती थंड असतं?

पोळीवाली: सकाळी मदतनीस भरते, खूण मार्करची आहे, पुसट झालीय. पाण्याचं तापमान मोजलेलं नाही. उद्या बादलीने मोजून आणि थर्मामीटर लावून कळवते.